तक्रारीचा हक्क आणि एका पत्राचा मसुदा



ज्या विधिज्ञांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलून मग विषयाकडे वळावे असा शिरस्ता आहे. परंतु त्यांची ख्यातीच मुळी अर्ज, कैफियत आणि फिर्याद यांचा मसुदा निर्दोष उतरविण्याबद्दल होती, तेव्हा एका मसुद्याची बारकाईने छाननी करणे हीच त्यांना वाहिलेली योग्य आदरांजली होईल असे मी मानतो. हा मसुदा नाशिकमधील कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने तयार केला असून तो केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाकडे रवाना करण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडे अभिप्रायार्थ धाडला. स्त्रियांबाबतच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७९ च्या डिसेंबरात जो करार संमत केला आणि ज्याला आपल्याकडील कार्यकर्ते ‘सीडॉ’ या नावाने ओळखतात, त्याला १९९९ साली एक ऐच्छिक प्रोटोकॉल जोडण्यात आला. त्या प्रोटोकॉलला भारताने अनुसमर्थन द्यावे, अशी विनंती त्या पत्रात आहे.

हा प्रोटोकॉल नेमके काय करतो हे प्रथम पाहू. मूळ करार हा राज्याराज्यांमधला तहनामा आहे. भारताने तो ९ जुलै १९९३ रोजी अनुसमर्थित केला, आणि तेव्हापासून आपले सरकार ठरावीक मुदतीने आपल्या कामगिरीचा अहवाल तेवीस तज्ज्ञांच्या एका समितीपुढे ठेवीत आले आहे. समिती प्रश्न विचारते, सरकारचे प्रतिनिधी उत्तरे देतात, शेवटी समिती आपली निरीक्षणे नोंदवते. या सर्व व्यवहारात ‘भारतातील स्त्रिया’ हा समूह असतो; ज्या विशिष्ट स्त्रीवर विशिष्ट दिवशी अन्याय झाला आणि जिला आपल्या देशातील शेवटच्या न्यायालयापर्यंत जाऊनही दाद मिळाली नाही, तिला त्या दालनात पाऊल टाकता येत नाही. ऐच्छिक प्रोटोकॉलने उघडलेले दार तिच्यासाठी आहे. तिने, किंवा तिच्या संमतीने तिच्या वतीने अन्य कोणी, निनावी नसलेला लेखी अर्ज समितीकडे करावा; समितीने तो सरकारकडे पाठवावा; सरकारने सहा महिन्यांत आपले म्हणणे रुजू करावे; आणि दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहून समितीने आपला अभिप्राय द्यावा, अशी ती रीत आहे.

राज्याराज्यांच्या वादात ज्याच्या अंगावर बेतले आहे त्याला आवाज नसतो, ही गोष्ट नाशिककरांना तरी परकी वाटू नये. कलेक्टर जॅक्सन यांच्या १९०९ मधील वधानंतरच्या खटल्यांसाठी विनायक दामोदर सावरकरांना इंग्लंडहून आणले जात असता ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून उडी घेतली आणि फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या स्वाधीन करण्यात आले, हा इतिहास या शहरातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपविला आणि लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला, की कैद्याला अशा रीतीने ताब्यात देण्यात अनियमितपणा घडला असला, तरी तेवढ्यामुळे त्याला फ्रान्सकडे परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. ज्या माणसाच्या देहाविषयी हा तंटा होता तो या प्रकरणात पक्षकार नव्हता. त्याचा अर्ज नव्हता, त्याची कैफियत नव्हती, आणि निर्णय होण्याच्या आधीच मुंबईच्या खास न्यायासनाने त्याला जन्मठेपेच्या शिक्षा सुनावल्या होत्या. सावरकरांच्या राजकारणाविषयी आपले मत काहीही असो. आंतरराष्ट्रीय कायद्यात त्या काळी व्यक्तीचे स्थान काय होते, याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

आता मसुद्याकडे येतो. त्यातील पहिली दुरुस्ती कार्यपद्धतीची आहे. ज्या राज्याने आधी सही केली आहे, ते आपल्या सहीला अनुसमर्थन देते. भारताने या प्रोटोकॉलवर कधी सहीच केलेली नाही. म्हणून आपल्याला त्यात थेट सामील व्हावे लागेल, आणि मूळ करार मान्य केलेल्या कोणत्याही राज्याला तशी मुभा प्रोटोकॉलच्या पंधराव्या कलमात आहे. सामीलनामा संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे दाखल केल्यावर तीन महिन्यांनी प्रोटोकॉल त्या राज्यापुरता अमलात येतो. मंत्रालयातील ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हे पत्र जाईल त्याला हा भेद पाठ असतो, आणि मागणीच चुकीच्या क्रियेची केली, तर पत्र वाचून बाजूला ठेवण्यास त्याला आयते निमित्त मिळते. यासाठी संसदेच्या ठरावाची आवश्यकता नाही, हेही पत्रात स्पष्ट असावे. करार करणे हे आपल्या राज्यघटनेनुसार केंद्राच्या कार्यकारी अधिकारातले काम आहे, निर्णय मंत्रिमंडळाचा, आणि म्हणूनच विनंती मंत्रालयाकडे करण्यात अर्थ आहे.

परंतु मसुद्याचे खरे वैगुण्य याहून मोठे आहे. त्यात समता, प्रतिष्ठा आणि जागतिक बांधिलकी यांविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि एकही प्रकरण नाही. सरकारची ठरावीक हरकत अशी असते, की आमच्याकडे स्वतंत्र न्यायसंस्था आहे, मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते, मग बाहेरच्या समितीची गरज कोणती? या हरकतीला तत्त्वाने उत्तर देता येत नाही. देशांतर्गत दाद कोठे संपते ते एका प्रकरणाच्या टप्प्याटप्प्याने दाखवावे लागते. आणि असे प्रकरण शोधण्यासाठी आपल्याला महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस चौकीत, तक्रारीच्या निमित्ताने आणलेल्या एका मोलमजुरी करणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलीला, बाकीच्यांना बाहेर पाठवून, मागे ठेवून घेण्यात आले आणि चौकीच्या आवारात तिच्यावर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण या नावाने ते कायद्याच्या इतिहासात राहिले. सत्र न्यायाधीशांनी १९७४ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले आणि तसे करताना त्या मुलीच्या चारित्र्यावर ताशेरे मारले. नागपूर खंडपीठाने १९७६ साली तो निकाल फिरविला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या मुलीने भीतीने मुकाट्याने सोसणे याला संमती म्हणता येत नाही, असा विवेक तेथील न्यायमूर्तींनी केला आणि दोघांनाही कैद फर्मावली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, प्रतिकाराचा पुरावा नाही, या कारणांवरून त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले.

पुढे जे घडले त्याचा विद्यार्थ्यांच्या पत्राशी थेट संबंध आहे. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. पत्र एका निकालापुरते होते. निकालपत्रातील एकेक विधान घेऊन, सोसणे आणि संमती यांतील भेद कोठे पुसला गेला, चौकीच्या बंद दारामागील भीतीचे वजन कोणी केले नाही, हे त्यांनी दाखविले. त्या पत्रातून वादळ उठले. मुंबईत आणि इतर शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. ताब्यातील स्त्रीवरील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला व स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. विद्यार्थ्यांना आदर्श पाहिजे असेल तर तो येथे आहे, आणि मी त्यांना ते पत्र मुळातून वाचण्यास सांगितले आहे.

पण श्रोतेहो, या यशाच्या आड एक गोष्ट झाकली जाते, आणि माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म तेच आहे. कायदा बदलला तो पुढच्यांसाठी. ज्या मुलीच्या नावाने हे सर्व घडले तिच्या पदरात त्यातले काहीच पडले नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जागच्या जागी राहिला. तिच्यावर अन्याय झाला असे अधिकारवाणीने म्हणणारे, तिला भरपाई द्या असे सांगणारे कोणतेही आसन तिच्यासाठी शिल्लक नव्हते. राज्यघटनेच्या बत्तिसाव्या अनुच्छेदाचे काय, असे कोणी विचारील. तर त्याचे उत्तरही मुंबईतूनच गेलेल्या एका प्रकरणात मिळते. मुंबई उच्च न्यायालयातील एका दाव्यात साक्षीदाराच्या जबानीला प्रसिद्धी देऊ नये असा हुकूम झाला होता. त्याविरुद्ध मिरजकर आणि इतर पत्रकार बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात गेले असता, १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरविले, की न्यायालयाने न्यायदानाच्या ओघात दिलेला हुकूम मूलभूत हक्कांचा भंग करणारा म्हणून या मार्गाने आव्हानित करता येत नाही. सरकारी अधिकाऱ्याने केलेल्या अन्यायाविरुद्ध जे शस्त्र आहे, ते न्यायनिर्णयातूनच उद्भवलेल्या अन्यायाविरुद्ध चालत नाही. पुनर्विलोकनाची वाट अरुंद आहे, आणि २००२ पासून मान्य झालेली उपचारात्मक याचिकेची वाट तर, नैसर्गिक न्यायाची पायमल्ली किंवा न्यायाधीशाचा पक्षपात अशाच कारणांपुरती, त्याहूनही अरुंद आहे.

ज्या देशाने प्रोटोकॉल स्वीकारला तेथे अशाच प्रसंगी काय घडते, ते फिलिपाइन्सच्या व्हर्तिदो प्रकरणात दिसते. दावाओ शहरातील व्यापारी संघाच्या एका स्त्री पदाधिकाऱ्याने, संघाच्या माजी अध्यक्षाने १९९६ च्या मार्चमध्ये आपल्यावर बलात्कार केल्याची फिर्याद केली. खटला खालच्या न्यायालयात आठ वर्षे रेंगाळला आणि एप्रिल २००५ मध्ये आरोपी सुटला. ती पळून का गेली नाही, तिने प्रतिकार पुरेसा का केला नाही, साठीच्या घरातील माणूस असे करू शकेल काय, असले तर्क निकालपत्रात होते. सुटका झाली की त्या देशाच्या कायद्यात अपिलाला वाव नाही, म्हणजे देशांतर्गत दाद तेथेच संपली. फिलिपाइन्स २००३ पासून प्रोटोकॉलमध्ये सामील होता आणि निकाल त्यानंतरचा होता. म्हणून तिचा अर्ज समितीला ऐकता आला. १६ जुलै २०१० रोजी समितीने अभिप्राय दिला. आरोपी दोषी की निर्दोष या प्रश्नात ती शिरली नाही, आणि हे विद्यार्थ्यांनी पत्रात ठळकपणे सांगावे, कारण मंत्रालयाची मोठी भीती हीच असते की परकी समिती आमच्या न्यायालयावर अपील न्यायालय होऊन बसेल. समितीने पाहिले ते एवढेच, की बलात्काराची ‘खरी’ बळी कशी वागते याविषयीच्या साचेबंद समजुतींवर न्यायालयाने निकाल उभारला की नाही, आणि खटल्याला झालेला विलंब करारात बसतो की नाही. तिने राज्याला सांगितले, की या स्त्रीला योग्य भरपाई द्या, बलात्काराच्या व्याख्येत बळजबरीची अट ठेवू नका, न्यायाधीशांना प्रशिक्षण द्या.

या दोन प्रकरणांतील साम्य सांगितल्यावर मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. समितीचा अभिप्राय हा हुकूमनामा नव्हे. त्याची अंमलबजावणी करवून घेणारा बेलीफ जिनिव्हात नाही. राज्याने सहा महिन्यांत त्यावर काय केले ते लेखी कळवावे, एवढेच बंधन आहे. सुटलेला आरोपी पुन्हा पकडला जात नाही. आणि प्रोटोकॉल मागे जात नाही: भारत उद्या सामील झाला तरी १९७२ चे प्रकरण त्याखाली नेता येणार नाही. विद्यार्थ्यांच्या मसुद्यात मात्र, असे झाल्यास जुन्या अन्यायांना वाचा फुटेल, असे वाक्य होते. ते मी खोडले आहे. देसाईगंजचे प्रकरण पत्रात यावे ते नमुना म्हणून, दावा म्हणून नव्हे.

यापुढचा मुद्दा जरा नाजूक आहे. मूळ करार स्वीकारताना भारताने पाचव्या कलमाच्या पहिल्या भागाविषयी आणि विवाहसंबंधीच्या सोळाव्या कलमाविषयी अशी घोषणा केली, की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक व्यवहारात, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय व संमतीवाचून, ढवळाढवळ न करण्याच्या आपल्या धोरणाशी सुसंगत राहूनच ही कलमे पाळली जातील. साचेबंद समजुती दूर करण्याचे बंधन ज्या कलमात आहे ते हेच पाचवे कलम, आणि व्हर्तिदो प्रकरणात समितीने त्याचाही आधार घेतला होता. मंत्रालयातील जाणता अधिकारी येथेच बोट ठेवील. त्याला उत्तर असे, की समितीने दुसऱ्या कलमाचाही आधार घेतला होता, न्यायालयांमार्फत स्त्रियांना परिणामकारक संरक्षण देण्याचे बंधन त्या कलमात आहे, आणि त्यावर भारताची कोणतीही घोषणा नाही. शिवाय बलात्काराच्या फौजदारी खटल्यात न्यायाधीशाने पुरावा कसा तोलावा हा कोणत्याही समाजाचा वैयक्तिक व्यवहार असू शकत नाही. घोषणा मागे घ्या ही मागणी स्वतंत्र आहे आणि ती न्याय्यही आहे, परंतु या पत्रात ती मिसळू नये. दोन मागण्या एकत्र केल्या की कठीण मागणी सोप्या मागणीलाही बुडवते.

सार्वभौमत्वाचा आक्षेप मला तितका भारी वाटत नाही. प्रोटोकॉलमध्ये राखीव अटी घालता येत नाहीत हे खरे, पण दहाव्या कलमाने एक सवलत ठेवली आहे: समितीने आपण होऊन चौकशी करण्याची जी वेगळी पद्धत आठव्या आणि नवव्या कलमांत आहे, ती सामील होतानाच नाकारता येते. बांगलादेशाने २००० साली, अगदी पहिल्या राष्ट्रांत, प्रोटोकॉल स्वीकारला तो हीच सवलत घेऊन. श्रीलंका २००२ साली सामील झाली, मालदीव २००६ साली, नेपाळ २००७ साली. सरकारला चौकशीची पद्धत नको असेल तर बांगलादेशाची वाट मोकळी आहे. वैयक्तिक तक्रारीचा हक्क त्यातही अबाधित राहतो. विद्यार्थ्यांनी आपली पहिली विनंती पूर्ण प्रोटोकॉलसाठी करावी, आणि ती मान्य नसल्यास निदान एवढी तरी, असा पर्याय त्याच पत्रात ठेवावा.

आणि हा हक्क आपल्यावर कोणी बाहेरून लादला आहे, असेही नाही. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. मुंबईतून घटना समितीवर निवडून गेलेल्या, अखिल भारतीय महिला परिषदेच्या माजी अध्यक्षा. हक्कांचा भंग झाला किंवा होण्याची भीती असेल तर प्रत्येक माणसाला, सूडाची धास्ती न बाळगता, थेट संयुक्त राष्ट्रांकडे जाता यावे, अशी सूचना त्या वर्षी भारतानेच मांडली होती; आणि हक्कांच्या अंमलबजावणीचा विचार करण्यासाठी जो कार्यगट नेमला गेला त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. देश नुकताच स्वतंत्र होत होता, दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची तक्रार आपण जगापुढे नेली होती, आणि व्यक्तीच्या अर्जाला जगाच्या दरबारात जागा असावी हे तेव्हा आपल्या परराष्ट्रनीतीला स्वाभाविक वाटत होते. पत्राच्या प्रारंभीच या गोष्टीचा उल्लेख असावा असे मी सुचविले आहे, कारण मंत्रालयाला त्यामुळे एखाद्या परकीय शिफारशीपुढे मान तुकविल्यासारखे वाटणार नाही. २०१४ साली समितीने आपल्या निरीक्षणांत भारताला प्रोटोकॉल स्वीकारण्याविषयी सुचविले होते. तो उल्लेख त्याच्या नंतर, एका ओळीत, पुरे.

पत्र गेल्यावर काय करावे, हे विद्यार्थ्यांनी विचारले होते. पत्राची एक प्रत परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागाला पाठवावी, कारण सामीलनामा अखेर तेथूनच तयार होतो. पोहोच आली नाही तर, किंवा ‘विचाराधीन आहे’ एवढेच उत्तर आले तर, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. त्याला तीस दिवसांची मुदत आहे. मंत्रिमंडळाची कागदपत्रे निर्णय होईपर्यंत त्या कायद्यातून वगळलेली आहेत, म्हणून ‘फायलीची प्रत द्या’ असे मोघम लिहू नये, नकार ठरलेला आहे. त्याऐवजी विचारावे, की या प्रोटोकॉलबाबत इतर मंत्रालयांचा अभिप्राय मागविला आहे काय, मागविला असल्यास कोणत्या तारखेला, आणि कोणत्या मंत्रालयाचे उत्तर अद्याप आलेले नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे हाती आली, की तेच प्रश्न आपल्या खासदारांमार्फत लोकसभेत लेखी विचारता येतील, आणि सभागृहात दिलेल्या उत्तराची जबाबदारी मंत्र्यांवर पडेल. सुधारलेला मसुदा मी मंडळाकडे परत दिला आहे. सह्यांची जागा त्यांनी मोकळी ठेवली असून, या सभागृहात कायद्याचे आणि इतर शाखांचे जे विद्यार्थी बसले आहेत त्यांनी तो वाचून, पटल्यास, बाहेर पडताना मंडळाच्या चिटणिसांकडे आपले नाव द्यावे.